दहा वर्षांची डोकेदुखी दीड पानात : न्यूरॉलॉजिस्टना भेटीआधी पाठवायचं पत्र

ताईला न्यूरॉलॉजिस्टची तारीख मिळाली ती सहा आठवड्यांनंतरची. रिसेप्शनवरून सांगितलं, जुना त्रास असेल तर आधी लिहून पाठवा, डॉक्टर वाचून ठेवतात. ताईने त्याच रात्री बसून चार पानं लिहिली आणि सकाळी माझ्याकडे आणून दिली. माझं मेडिकल स्टोअर आहे. औषधांची नावं तेवढी तपासून दे, म्हणाली.

मी ती पानं दोनदा वाचली. दुखतं तेव्हा कसं वाटतं, शाळेत पेपर तपासताना काय होतं, सासूबाई आजारी असतानाचे दिवस कसे काढले, सगळं होतं, आणि खरं होतं. पण महिन्यातले किती दिवस डोकं दुखतं, हे चार पानांत कुठेच नव्हतं. गोळी किती दिवस घेते, तेही नव्हतं. आधीच्या औषधांबद्दल एकच ओळ होती: "बरीच औषधं झाली, कशानेच फरक पडला नाही."

ती ओळ वाचून कोणताही डॉक्टर अडेल. डोकेदुखीच्या बहुतेक आजारांत रक्ताची कुठलीच तपासणी निदान करून देत नाही. मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, असलेल्या माणसाचा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. तो काढतात दुसरं काही नाही ना हे बघायला. निदान ठरतं ते माणूस काय सांगतो त्यावर. दुखणं किती तास टिकतं, कुठे दुखतं, सोबत काय होतं, महिन्यातले किती दिवस जातात, यावर. म्हणून हे पत्र म्हणजे नुसती ओळख नाही. तपासणीचा मोठा भाग तेच आहे, आणि तो पेशंटने घरी बसून करायचा असतो.

आम्ही ते पत्र नव्याने लिहिलं. ते कसं लिहिलं, तेच सांगतो.

एक झटका, घड्याळ लावून

मी ताईला म्हटलं, "दहा वर्षांचं राहू दे. गेल्या महिन्यातला तुला नीट आठवणारा एक झटका सांग. सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, किती वाजता काय झालं ते."

ती म्हणाली, "अरे, पित्ताचं डोकं ते. उलटी झाली की उतरतं."

आपल्याकडे हा शब्द घरोघरी आहे. आईचंही पित्ताचंच डोकं होतं. महिन्यातून एकदा ती खिडक्या लावून, डोक्याला पदर घट्ट बांधून पडायची. पण डोकं दुखणं आणि मळमळ एकत्र आली, की पित्तामुळे डोकं दुखलं असंच असतं असं नाही. मायग्रेनमध्ये मळमळ आणि उलटी हा त्या झटक्याचाच भाग असतो, आणि उलटीनंतर काहींना उतार पडतो. म्हणून पत्रात "पित्त" लिहिलं की आपण नकळत निदान करून मोकळे होतो आणि प्रत्यक्ष घडलेलं झाकलं जातं. "सायनस", "मानेचे मणके", "चष्म्याचा नंबर" यांचंही तेच. शब्द खोडायचा आणि त्याच्या मागे जे दिसलं ते लिहायचं.

तसं विचारत गेल्यावर ताईचा झटका असा निघाला. सकाळी दहाच्या तासाला उजव्या डोळ्यामागे सुरुवात. तासाभरात उजवी कानशील ठणकायला लागते, नाडीबरोबर ठोके पडल्यासारखी. जिना चढलं की वाढतं. वर्गातला आवाज आणि खिडकीतलं ऊन सहन होत नाही. दुपारी उलटी. घरी येऊन अंधारात पडायचं. गोळी घेतली नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, म्हणजे चोवीस तासांच्या वर.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला डॉक्टरांच्या लेखी वजन आहे. मायग्रेनचा झटका औषधाविना साधारण 4 ते 72 तास चालतो. दुखणं बहुधा एका बाजूला, ठणकणारं, मध्यम ते तीव्र आणि हालचालीने वाढणारं असतं. सोबत मळमळ, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. प्रत्येकात सगळंच असतं असं नाही. उलट कुणी लिहिलं, की दुखणं एकाच डोळ्याभोवती, पाऊण तास, दिवसातून दोन-तीनदा, त्या डोळ्यातून पाणी येतं आणि बसवत नाही म्हणून येरझाऱ्या घालतो, तर डॉक्टर क्लस्टर डोकेदुखीचा विचार करतील, आणि तिचे उपचार वेगळे आहेत. "असह्य दुखतं" हे दोघंही लिहितील. फरक कळतो तो तासांवरून, आणि माणूस त्या वेळी पडून राहतो की फिरत राहतो यावरून.

मग मी विचारलं, "दुखायच्या आधी काही होतं का?" ताई आधी नाही म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "कधी कधी डावीकडे नागमोडी, लकाकणारी रेघ दिसते. अक्षरं तुटतात. वीस मिनिटांत जाते. तो चष्म्याचा नंबर वाढलाय." एक डोळा झाकून बघितलंस का, विचारलं. हो, दोन्ही डोळ्यांनी तसंच दिसतं. असं दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसलं, तर ते बहुधा डोळ्यातून नाही, मेंदूच्या मागच्या भागातून येत असतं. त्याला ऑरा म्हणतात. दर दोन-तीन महिन्यांतून एकदा होणारी ही गोष्ट ताईच्या चार पानांत नव्हती, कारण ती तिच्या मते डोकेदुखीच नव्हती.

दिवस मोजायचे ते कोरे दिवस

महिन्यातले किती दिवस डोकं दुखतं, यावर ताई म्हणाली, "आठ-दहा." हा आकडा मला पटेना. पेशंट बहुतेक वेळा मोठे झटकेच मोजतो. मधले दिवस, ज्यात डोकं नुसतं जड असतं पण काम होतं, ते त्याच्या मोजणीत येतच नाहीत.

म्हणून प्रश्न उलटा करायचा: महिन्यातले किती दिवस असे, की सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत डोक्याची आठवणसुद्धा झाली नाही? ताई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आठवड्यात दोन असतील."

सहा आठवडे हातात होते, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच नोंद ठेवली. चौकोनात तीनच खुणा: कोरा दिवस म्हणजे काही नाही, टिंब म्हणजे सौम्य, फुली म्हणजे पडून राहावं लागलं. गोळी घेतली तर तिचं पहिलं अक्षर. याहून जास्त लिहायला लावलं असतं, तर चौथ्या दिवशी वही बंद पडली असती.

बेचाळीस दिवसांचा हिशेब असा आला: कोरे 13, टिंबाचे 16, फुलीचे 13. म्हणजे 42 पैकी 29 दिवस डोकं दुखलं, महिन्याला साधारण 21. ही संख्या एवढी महत्त्वाची का? महिन्यात 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखणं, असं तीन महिन्यांहून जास्त काळ चालणं, आणि त्यातले किमान 8 दिवस मायग्रेनसारखे असणं, याला जुनाट मायग्रेन धरतात. महिन्याला चार झटके येणारा माणूस आणि हा माणूस यांच्या उपचारांचा विचार वेगळ्या वाटेने होतो. "आठ-दहा" लिहून गेलो असतो तर ताई चुकीच्या रांगेत उभी राहिली असती.

गोळ्यांचा हिशेब

हा भाग लिहिताना मला जड जातं. ताई म्हणत होती, आठवड्यातून एक-दोनदा गोळी घेते. मी दुकानातली मागच्या तीन महिन्यांची बिलं काढली. पॅरासिटामॉल आणि कॅफीन असलेल्या एकत्र गोळीच्या सहा पट्ट्या, म्हणजे साठ गोळ्या. सगळ्या माझ्याच काउंटरवरून गेल्या होत्या. मी दिल्या होत्या, आणि कधी बेरीज केली नव्हती.

कॅलेंडरही तेच सांगत होतं: 42 दिवसांत 19 दिवस एकत्र गोळी आणि आणखी 5 दिवस साधी पॅरासिटामॉल. म्हणजे महिन्याला साधारण 17 दिवस काहीतरी वेदनाशामक.

डोकेदुखीचं औषधच वारंवार घेतल्याने डोकेदुखी वाढते आणि रोजची होऊन बसते. औषधाचा असर उतरला की डोकं पुन्हा दुखतं, पुन्हा गोळी, असं चक्र बसतं. ज्यांना मुळात मायग्रेन आहे त्यांच्यात हे जास्त दिसतं. याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस; एकत्र गोळ्या, ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा ट्रामाडोलसारखी औषधं 10 किंवा अधिक दिवस; आणि असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर डॉक्टर या शक्यतेचा विचार करतात. इथे गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. एका दिवसात तीन घेतल्या तरी तो एकच दिवस. पण रोज एक घेतली तर ते महिन्याचे तीस दिवस झाले.

ताईला हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "मग उद्यापासून बंद करते." मी नको म्हटलं. अशी गोळी थांबवल्यावर सुरुवातीचे काही दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा, डोकं आणखी दुखू शकतं. कधी, कशी थांबवायची आणि मधल्या दिवसांत काय घ्यायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. पत्रात फक्त खरा आकडा द्यायचा. तो कमी करून सांगायचा मोह होतो, आणि नेमका तोच आकडा लपवला तर पुढचं सगळं औषध वाया जाऊ शकतं.

"कशानेच फरक पडला नाही" याची चिरफाड

झटका आल्यावर घ्यायची औषधं वेगळी, आणि झटके कमी व्हावेत म्हणून रोज घ्यायची वेगळी. रोजच्या औषधाचा नीट कस लागायला ते पुरेशा मात्रेत साधारण आठ आठवडे तरी घ्यावं लागतं. म्हणून नुसतं नाव लिहून भागत नाही. प्रत्येक औषधापुढे चार गोष्टी हव्यात: किती मिलिग्रॅम, किती दिवस, काय फरक पडला, आणि का थांबवलं. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. औषध चाललं नाही म्हणून थांबवणं आणि सोसलं नाही म्हणून थांबवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताईची चार रोजची औषधं झाली होती. जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत होत्या, दोन चिठ्ठ्यांचे फोटो भाऊजींच्या मोबाइलमध्ये मिळाले. ते सगळं मांडल्यावर दिसलं, की चारपैकी तीन औषधं आठ आठवड्यांपर्यंत पोचलीच नव्हती. आणि चौथं, फ्लुनारिझिन, ते तर चाललं होतं. झटके निम्म्यावर आले होते, पण वजन वाढलं म्हणून बंद केलं होतं. "कशानेच नाही" हे वाक्य तिथेच मोडलं.

प्रोप्रॅनोलॉल का थांबवलं, यावर ती म्हणाली, "जिना चढताना धाप लागायची." मी विचारलं, "तुला लहानपणी दमा होता, ते तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलं होतंस?" नव्हतं सांगितलं. डोकेदुखीच्या डॉक्टरांना दम्याचं कशाला सांगायचं, असं तिला वाटलं होतं. प्रोप्रॅनोलॉलने दमा असलेल्यांच्या श्वासनळ्या आकसू शकतात, म्हणून दम्यात ते देत नाहीत. त्यामुळे डोक्याशी संबंध नसलेले आजारही पत्रात एका ओळीत हवेतच: दमा, मुतखडा, रक्तदाब, काचबिंदू, नैराश्य, आणि मूल हवं आहे का. यातल्या प्रत्येकामुळे एखादं औषध बाद होतं किंवा एखादं जास्त सोयीचं ठरतं.

झटक्यावरच्या रिझाट्रिप्टानचं असंच निघालं. दोनदा घेतली, उपयोग नाही, असं ताईने लिहिलं होतं. कधी घेतलीस विचारल्यावर कळलं, दोन्ही वेळा उलटी सुरू झाल्यानंतर, चार-पाच तासांनी. ही गोळी दुखणं सुरू झाल्यावर लवकर घेतली तरच नीट चालते. म्हणून पत्रात "उपयोग नाही" ऐवजी "उशिरा घेतली, उपयोग नाही" असं गेलं.

शेवटी तयार झालेलं पत्र हे. औषधांची नावं प्रत्यक्षात पट्टीवर छापलेली तशी इंग्रजीत लिहिली.

> आदरणीय डॉक्टर,
>
> वय 41, शिक्षिका. 2015 पासून डोकेदुखी. गेल्या दोन वर्षांत जवळजवळ रोजची झाली आहे. झटके कमी व्हावेत आणि वेदनाशामक गोळी कमी व्हावी, यासाठी भेटायचं आहे.
>
> सध्या (42 दिवसांची नोंद): डोकं दुखलं 29 दिवस, पैकी 13 दिवस पडून राहावं लागलं. अजिबात न दुखलेले 13. शाळा बुडाली 4 दिवस.
>
> मोठा झटका: उजव्या डोळ्यामागे सुरू, तासाभरात उजवी कानशील ठणकते. क्वचित डावी बाजू. जिना चढल्यावर वाढतं. मळमळ, बहुतेक वेळा उलटी. उजेड, आवाज नको होतात. गोळीशिवाय 24 ते 30 तास. पाळीच्या आदल्या दोन दिवसांत बहुधा येतो. बाकी दिवशी दोन्ही बाजूंना सौम्य जडपणा.
>
> डोळ्यापुढे: दोन-तीन महिन्यांतून एकदा डावीकडे लकाकणारी नागमोडी रेघ, हळूहळू पसरते, 20 मिनिटांत जाते, मग डोकं दुखतं. दोन्ही डोळ्यांनी दिसते. 2016 पासून. हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं कधी नाही.
>
> दहा वर्षं: 2015 ते 2018 महिन्याला 2 झटके. 2019 पासून 4 ते 5. 2023 पासून जवळजवळ रोज.
>
> वेदनाशामक: पॅरासिटामॉल व कॅफीनची एकत्र गोळी 42 पैकी 19 दिवस, साधी पॅरासिटामॉल आणखी 5 दिवस. असं साधारण दोन वर्षं. रिझाट्रिप्टान 10 मि.ग्रॅ. 2023 मध्ये दोनदा, उशिरा घेतली, उपयोग नाही.
>
> रोजची औषधं:
> प्रोप्रॅनोलॉल 40 मि.ग्रॅ., 2018, तीन आठवडे. धाप लागली म्हणून बंद.
> फ्लुनारिझिन 10 मि.ग्रॅ. रात्री, 2020, चार महिने. झटके निम्मे झाले. वजन 6 किलो वाढलं म्हणून बंद.
> टोपिरामेट 25 मि.ग्रॅ., 2022, बारा दिवस. बोटांना मुंग्या, शब्द आठवेनात म्हणून बंद.
> अमिट्रिप्टिलिन 10 मि.ग्रॅ. रात्री, 2023, चार आठवडे. फरक नाही, सकाळी गुंगी.
>
> तपासण्या: डोळे 2016, चष्मा बदलला, डोकेदुखीत फरक नाही. सायनसचा एक्स-रे 2017, दहा दिवस अँटिबायोटिक, फरक नाही. मेंदूचा एमआरआय 2019 नॉर्मल, रिपोर्ट सोबत.
>
> इतर: लहानपणी दमा. रक्तदाब नाही. आईला तरुणपणी दर महिन्याला अशीच डोकेदुखी. दिवसाला चहा 4 कप. झोप 5 ते 6 तास.
>
> विचारायचं आहे: रोजची गोळी कशी थांबवावी? आधीचं एखादं औषध योग्य मात्रेत पुन्हा देता येईल का?

पत्रात "मला जुनाट मायग्रेन आहे" किंवा "गोळ्यांमुळे डोकं दुखतंय" असं मुद्दाम लिहिलं नाही. आकडे दिले, की तो निष्कर्ष डॉक्टर काढतात. आपण काढून दिला तर ते आपल्या शब्दाच्या मागे जातात, नाहीतर त्यावर वाद घालत बसतात.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. काही डोकेदुखी पत्राची आणि तारखेची वाट बघणारी नसते. क्षणात सुरू होऊन मिनिटाभरात कळसाला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी. ताप आणि मान आखडण्यासोबतची. हात-पाय लुळे पडणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं किंवा फिट यांच्यासोबतची. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी. तेव्हा तडक हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जायचं. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली, किंवा खोकला आणि वाकण्याने होणारी असेल, तर सहा आठवड्यांनंतरची तारीख घेऊन थांबू नये, आधीच डॉक्टरांना गाठावं.

भेटीच्या दिवशी मी ताईसोबत गेलो. डॉक्टरांनी पत्राची प्रिंट समोर ठेवली होती आणि गोळ्यांच्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली होती. इतिहास विचारण्यात वेळ गेला नाही. डोळे तपासले, हातापायांची ताकद बघितली, चालायला लावलं. मग "डोळ्यापुढे" या परिच्छेदावर बोट ठेवून विचारलं, "सध्या दुसरी कुठली गोळी चालू आहे? पाळीसाठी, हार्मोनची?"

ताईने माझ्याकडे बघितलं. पाळी अनियमित होती म्हणून गेल्या वर्षापासून ती गोळी घेत होती. ती माझ्या दुकानातून नेत नव्हती. डोकेदुखीची नाही, म्हणून तिने लिहिली नव्हती. मीही विचारली नव्हती. दमा आठवला, चहा मोजला, आणि हे राहिलं.

पर्समधून पट्टी निघाली. त्यात इस्ट्रोजेन होतं. डॉक्टरांनी समजावलं, की ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये पक्षाघाताचा धोका थोडा जास्त असतो, आणि इस्ट्रोजेनच्या गोळीने तो आणखी वाढतो. घाबरण्याजोगं काही नाही, पण ही गोळी बदलायला हवी. त्यांनी ताईच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावे तिथेच चार ओळी लिहून दिल्या. मी त्यांचं पेन मागून घेतलं आणि आमच्या पत्रात "इतर"च्या खाली, समासात, गोळीचं नाव आणि सुरू केल्याची तारीख लिहिली.